सात नंबरची ट्यूब

सुईमामाच्या हाताला पेशंट घाबरत नसत. हात हलका होता, सुई कधी गेली नि कधी बाहेर आली कळायचंही नाही. घाबरायचे ते त्याच्या तोंडाला. खाटेशी आला की पहिला प्रश्न, "पूर्ण नाव सांगा." दुसरा, "जन्मतारीख?" काल सांगितली, परवा सांगितली, तरी आज पुन्हा सांगायची. कुणी वैतागून म्हणायचं, "अहो, कालच तर माझं रक्त नेलंत तुम्ही!" त्यावर मामा म्हणणार, "नेलं ना? मग आज तुमच्या नावावर दुसऱ्याचं नेऊ नये म्हणून विचारतोय." आणि "तुम्हीच ना अमक्या?" असं तो कधी म्हणजे कधीच विचारायचा नाही. आजारी, अर्धवट झोपेतला, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून नाव त्याच्याच तोंडून काढायचं, मनगटाच्या पट्टीवर वाचायचं, ट्यूबच्या लेबलावर वाचायचं, आणि सगळं जुळलं तरच सुई. बाकी कशात मामाशी तडजोड करता आली असती, यात नाही.

त्या सकाळी तो नेहमीप्रमाणे घाईत होता. लॅबमधलं मोठं मशीन सकाळी सुरू व्हायच्या आत सगळ्या वॉर्डांचे नमुने पोचले नाहीत की लॅबप्रमुखांचा फोन ठरलेला. बायकांच्या वॉर्डातल्या टेबलावर रॅक तयार होता. प्रत्येक खाटेला एक खण, खणात रिकाम्या ट्यूबा, ट्यूबांवर लेबलं आधीच चिकटवलेली, आणि लेबलावर खाटेचा नंबर हा एवढा ठसठशीत. मामाने रॅक उचलला आणि एकेक खाट करत निघाला.

सात नंबरच्या खाटेवर पांढऱ्या केसांच्या एक आजी उशीला टेकून बसल्या होत्या. सातच्या खणात लाल झाकणाच्या ट्यूबेशिवाय एक गुलाबी झाकणाचीही होती. ही रक्तपेढीची. आज ऑपरेशन, रक्त लागू शकतं, म्हणून गट तपासून पिशवी जुळवून ठेवायची होती. मामाने दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर चाचपली, आणि सवयीने विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा."

आजींनी सांगितलं. मधल्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत आवाजात सांगितलं. ट्यूबेवर ते नाव नव्हतं.

"पुन्हा सांगा बरं."

"बहिरा आहेस का रे तू?" आजी म्हणाल्या आणि पुन्हा तेच नाव सांगितलं.

मामाने मनगट उलटून पट्टी वाचली. पट्टीवर आजींचंच नाव होतं. ट्यूबेवर कुणा दुसरीचं. त्याने पट्टा सोडला आणि सुई बाजूला ठेवली. आज विचारायचं राहिलं असतं तर या आजींचं रक्त त्या दुसरीच्या नावाने रक्तपेढीत गेलं असतं. आजींचा गट तिचा म्हणून नोंदला गेला असता, आणि ऑपरेशनच्या टेबलावर तिला आजींच्या गटाची पिशवी लागली असती. चुकीचा गट अंगात गेला की माणूस डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत हातचा जाऊ शकतो. इतक्या साध्या गोष्टीने.

"काय झालं? रक्त संपलं का माझं?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. मीच परत येतो."

ती दुसरी बाई त्याला अकरा नंबरवर सापडली. नाकाला ऑक्सिजन, डोळे मिटलेले. आणि अकराच्या खणातल्या ट्यूबांवर आजींचं नाव होतं. थोडक्यात, सात आणि अकरा, दोन्ही उलटसुलट.

टेबलाशी नाइट सिस्टर दिवसपाळीच्या सिस्टरला वॉर्ड सोपवत होती. मामाने तिच्यासमोर ती गुलाबी झाकणाची ट्यूब धरली. तिने लेबल वाचलं, सात नंबरच्या खाटेकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"भावजी," ती म्हणाली.

वॉर्डात ती त्याला कधी भावजी म्हणत नसे. सगळ्यांसारखं मामाच म्हणायची, आणि तो तिला सिस्टर. घरी गेल्यावर दोघं त्यावर हसायची. पण ती त्याच्या धाकट्या भावाची बायको, घरातली धाकटी. दोन्ही मुलं शाळेला लागल्यावर हट्टाने नर्सिंग पूर्ण करून नोकरीला लागलेली, आणि अजून कायम न झालेली. कायम करायचं की नाही हे पुढच्याच महिन्यात ठरणार होतं. मेट्रनबाईंचा नियम साऱ्या हॉस्पिटलला पाठ होता, नव्या सिस्टरच्या फाइलीत एक मेमो पडला की ती कायम होत नाही. भावाचं दुकान बसल्यापासून घर तिच्या पगारावर तगून होतं.

दिवसपाळीच्या सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मामा, रक्त कुठं घेतलंय अजून? लेबलं सोलून टाका, नवी काढते मी. काही झालेलंच नाही तर बोभाटा कशाला?"

धाकटी नुसती बघत राहिली. ते बघणं मामाला सोसवेना. तोंडातून हो निघायला किती वेळ लागणार? पण त्याच्या डोळ्यांपुढून ती अकरा नंबरची बाई हलत नव्हती. आज तो होता. त्याच्या रजेच्या दिवशी कोण असेल, आणि तो विचारील का?

"नियर मिस म्हणून लिहावं लागेल," तो म्हणाला. नियर मिस म्हणजे थोडक्यात टळलेली चूक, आणि तीही कळवायची असते, असं गेल्याच वर्षी सगळ्यांना एका सभेत सांगितलं होतं. कळवत कुणी नसे, ही गोष्ट वेगळी.

"लिहा," धाकटी म्हणाली. पर्स उचलली आणि निघून गेली.

मामाने नवी लेबलं घेतली, दोन्ही खाटांवर जाऊन नावं पुन्हा विचारून रक्त घेतलं, खाटेशीच लेबलं लावली. मग लॅबच्या कोपऱ्यात बसून रिपोर्ट लिहिला. काय घडलं, ते लिहिलं. कारण, या रकान्यात लिहिलं, "रात्रपाळीच्या सिस्टरने चुकीची लेबलं लावली. अधिक काळजी घ्यावी." खरं तेच लिहिलं, अशी त्याने मनाची समजूत घातली, आणि तरी दिवसभर त्याला कुणी फटकावल्यासारखं वाटत राहिलं.

रुग्णसुरक्षेचं काम बघणारी डॉक्टर वयाने त्याच्याहून पुष्कळच लहान. रिपोर्ट वाचून तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"मामा, तुम्ही आज एक जीव वाचवलात. आधी तेवढं मनापासून सांगते. पण हा रिपोर्ट तुम्ही परत घ्या."

"का? खोटं काय आहे त्यात?"

"खोटं नाही, अर्धवट आहे. कोणी केलं ते लिहिलंत, का झालं ते नाही. समजा, या सिस्टरला घरी पाठवलं. उद्या त्याच टेबलाशी दुसरी बसेल. तिच्या हातून हे होणार नाही, असं या कागदात काय आहे?"

मामाने रिपोर्ट परत घेतला.

"उद्या दुपारी बैठक आहे. मेट्रनबाई मेमो तयार करून बसल्यात. त्याआधी मला का सांगा. त्या सिस्टरशी बोला. माझ्याशी ती घाबरून बोलेल, तुमच्याशी कदाचित..." ती थांबली. "तुमची ओळख आहे ना तिच्याशी?"

"आहे थोडी," मामा म्हणाला.

घरी पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. घरात भांडण नव्हतं, त्याहून वाईट होतं. सगळे अगदी नीट वागत होते. भावाने दार उघडलं आणि तसाच आत गेला. आईने पाण्याचा तांब्या ठेवला, जरा आपटूनच.

"स्वतःच्या घरावर कुऱ्हाड घालणारा तूच पाहिला बाबा," ती म्हणाली.

"आई, तुला माहीत नाही काय होणार होतं ते."

"झालं का? नाही ना? मग!"

अख्ख्या हॉस्पिटलाचं मत आईने दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. मामा हात धुऊन स्वयंपाकघरात गेला. धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती, झोपून उठल्यासारखी दिसत नव्हती. दिवसभर डोळ्याला डोळा लागला नसावा.

"बस जरा," तो म्हणाला. "मला काल रात्रीचं सांग. पहिल्यापासून."

"कशाला? मेमोत भर घालायला?"

"मेमो थांबवायला. जमलं तर."

तिने गॅस बंद केला, पण बसली नाही. उभ्याउभ्याच सांगायला लागली. सात नंबरच्या बाईला रात्री धाप लागली. सातच्या भिंतीतला ऑक्सिजन येत नाही. दोनदा कळवून झालंय, दुरुस्तीवाले आज येतो उद्या येतो करतायत. अकराचा चालतो. मग वॉर्डबॉयला हाताशी घेऊन तिने दोघींच्या खाटांची अदलाबदल केली. बाईची धाप बसली, डॉक्टर येऊन गेले, सगळं नीट पार पडलं.

"मग कॉम्प्युटरवर खाट बदलली नाहीस?"

"कशी बदलणार?" आता ती वळली. "खाट बदलायची मुभा फक्त भरती विभागाला. त्यांचा दरवाजा रात्री बंद, सकाळी ऑफिस उघडल्यावर ते बदलणार. तोवर कॉम्प्युटरच्या लेखी सात म्हणजे तीच बाई आणि अकरा म्हणजे आजी. माझ्या डोक्यात होतं, मी दोघींच्या केसपेपरवर लिहिलंही. पण लेबलं निघतात कॉम्प्युटरच्या यादीवरून. ढीगभर निघाली, मोठ्या अक्षरांत खाट, बारीक अक्षरांत नाव. मी खाट बघून खणात टाकत गेले. शेवटच्या तासाला तीन इंजेक्शनं होती, एकीची सलाइन सुटली होती. नाव वाचायला हवं होतं. नाही वाचलं. माझी चूक आहे, मी नाही कुठं म्हणतेय?"

बंद दरवाजा, मोठी अक्षरं, बंद पडलेला ऑक्सिजन. एकेक गोष्ट मामाच्या मनात बसत होती. पण एक प्रश्न उरत होता, आणि तो त्याने अगदी सहज विचारला.

"पण मला एक सांग. लेबलं रिकाम्या ट्यूबांना आधीच कशाला लावायची? सुटी ठेवली असतीस तर मी खाटेशी पट्टी बघूनच लावली असती."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, नवल वाटल्यासारखी.

"भावजी, ट्यूबा तयार नसल्या की वॉर्डात कोण ओरडतं?"

आता ती बसली.

"मी नवी होते तेव्हा सुटी ठेवली होती लेबलं. शिकवलं होतं तसंच, रक्त घेतल्यावर खाटेशी लावायची म्हणून. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'सिस्टर, मी काय इथं तिकिटं चिकटवायला आलोय? माझे पाच वॉर्ड आहेत!' घरी येऊन मी रडले होते. यांना विचारा. दुसऱ्या दिवसापासून रॅक तयार ठेवते. सगळ्याच ठेवतात. तुम्ही आलात आणि रॅक तयार नाही, असं करायची कुणाची छाती आहे?"

ते खरं होतं. मामाला तो दिवस आठवतही नव्हता. त्याच्या लेखी ती एक सकाळ होती, उशीर झालेली, लॅबप्रमुखांचा फोन येऊन गेलेली. सगळ्यांना नाव विचारत फिरणारा, कुणाचं न ऐकणारा तो, आणि चुकीला वाट त्यानेच करून दिली होती. तो खाली मान घालून बसला. आतून आईने विचारलं, "काय ठरलं रे?" त्याने धाकटीकडे पाहिलं.

"तुला कायम नाही केलं तर..." तो कसाबसा म्हणाला.

"तर बघू," धाकटी म्हणाली, आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीला चार खुर्च्या होत्या. डॉक्टर, मेट्रनबाई, लॅबप्रमुख आणि मामा. मेट्रनबाईंच्या पुढ्यात मेमो. बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. एका रात्रीत एका चुकीने पेशंट गेलेला त्यांनी पाहिला होता, आणि तेव्हापासून धाक नसेल तर हॉस्पिटल चालत नाही असं त्यांचं पक्कं मत होतं.

मामाने रात्रीची हकीकत सांगितली. मेट्रनबाईंनी शांतपणे ऐकून घेतली.

"ही सगळी निमित्तं झाली. नाव वाचलं असतं तर काहीच झालं नसतं. शेवटी चूक कोणाची?"

"बाई, एक करू," डॉक्टर म्हणाली. "कॉम्प्युटरवरची खाटांची यादी एव्हाना भरती विभागाने सुधारली असेल. मी आज पहाटेचीच छापून ठेवली होती. चला, खाटा बघून येऊ."

सगळे उठले. तीन वॉर्ड फिरले. पुरुषांच्या वॉर्डात एक जोडी उलटी निघाली, पोरांच्या वॉर्डात एक पोरगं यादीत एका खाटेवर आणि प्रत्यक्षात आईच्या हट्टापायी खिडकीशी. दोन्हीकडे पहाटे लेबलं लागलेल्या ट्यूबा गेल्या होत्या. दोन्हीकडे कुणीतरी शेवटच्या क्षणी ओळखलं होतं, लेबल सोललं होतं, आणि कुणी काही लिहिलं नव्हतं.

"का नाही कळवलंत?" मेट्रनबाईंनी पोरांच्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं. तीस वर्षं जुनी, बाईंच्या हाताखाली वाढलेली सिस्टर. तिने आधी मेट्रनबाईंच्या हातातल्या मेमोकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. बाईंनीही हातातल्या मेमोकडे पाहिलं. मग त्या परत निघाल्या.

खोलीत आल्यावर मामाने नव्याने लिहिलेला रिपोर्ट पुढे सरकवला. ऑक्सिजनची दुरुस्ती रखडली. रात्री खाट बदलायची सोय नाही. लेबलावर खाट मोठी आणि नाव बारीक. शेवटी लिहिलं होतं, "ट्यूबांना लेबलं आधी लावण्याची पद्धत रक्त घेणाऱ्याच्या घाईमुळे पडली. तसा आग्रह मी स्वतः धरत आलो."

लॅबप्रमुख खुर्चीत पुढे सरकले. "हे कशाला लिहिलंत? आणि घाई तुमची नव्हे. मशीनची वेळ मी ठरवलीये."

"मग तेही लिहितो," मामा म्हणाला.

लॅबप्रमुख खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "लिहा."

मेट्रनबाईंनी मेमोची घडी घातली. फाडला नाही, ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला. मामाचा जीव मात्र त्या ड्रॉवरमध्येच अडकून राहिला.

पुढे बदल झाले, पण भराभर नाहीत. खाट बदलायची मुभा रात्रीच्या सिस्टरला मिळाली. लेबलावर नाव मोठं झालं आणि खाटेचा नंबर गेलाच. मामाच्या ट्रॉलीवर एक छोटा प्रिंटर आला. आता नाव विचारायचं, पट्टी बघायची, रक्त घ्यायचं आणि खाटेशीच लेबल लावून मग हलायचं. रक्तपेढीने पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटचा गट दुसऱ्या वेळी घेतलेल्या नमुन्यावर पडताळायला सुरुवात केली. फेरी लांबली, मशीन उशिरा सुरू व्हायला लागलं, आणि जग काही बुडालं नाही. ऑक्सिजनवाले मात्र अजून उद्या येणार होते.

धाकटीचा कायम व्हायचा कागद आला नव्हता. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

अशाच एका सकाळी मामा नऊ नंबरवर होता. नाव विचारलं, पट्टी बघितली, रक्त घेतलं, आणि प्रिंटर बंद पडला. दोनदा बटण दाबलं, काही नाही. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ओकारी आली, मामा ट्यूब खिशात टाकून धावला. त्यांना धरलं, भांडं दिलं, मावशींना हाक मारली. मग आता आलोच आहोत तर यांचंही रक्त घेऊन टाकू म्हणून पट्टा काढला.

"मामा."

धाकटी मागे उभी होती. आज तिची दिवसपाळी होती.

"खिशातली ट्यूब कोणाची?"

"नऊ नंबरची," मामा सहज म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं, आपण नाव नव्हे, खाट सांगितली.

वॉर्डातल्या दोघीतिघी बघत होत्या. इतक्या वर्षांचा सुईमामा, आणि लेबल न लावलेलं रक्त खिशात! डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की हिने गप्प बसावं. काय झालंय? काहीच तर झालेलं नाही. ट्यूब फेकतो, नवीन घेतो, कुणाला कळतंय. अगदी तोच विचार, शब्दन् शब्द. त्या सकाळी ही इथंच उभी होती आणि हिला असं वाटत होतं, आणि मी म्हणालो, लिहावं लागेल.

त्याने ट्यूब काढून कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली.

"लिहू?" धाकटीने विचारलं. आवाज हळू होता. तिचा मेमो अजून मेट्रनबाईंच्या ड्रॉवरमध्ये होता, आणि रिपोर्टाखाली नाव तिचं जाणार होतं.

"लिही," तो म्हणाला. "मी केलं, ते लिही. आणि प्रिंटर का बंद पडतो, तेही."

तिने प्रिंटर उलटा केला. बॅटरी चार्ज व्हायला रात्री कुठं ठेवायचा, हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. ट्रॉली व्हरांड्यात उभी असे आणि तिथं प्लग नव्हता. तिने ते एका कागदावर टिपून घेतलं.

मामा नऊ नंबरकडे वळला. बाई हात लपवून बसल्या होत्या.

"माफ करा ताई, पुन्हा घ्यावं लागेल. पूर्ण नाव सांगा."

"आत्ताच तर सांगितलं!"

"हो," मामा म्हणाला, "तरी सांगा." आणि त्या नाव सांगत असताना धाकटी कॉम्प्युटरवरून काढून आणलेलं लेबल हातात धरून त्याच्याशेजारी उभी राहिली.